धारित्र भरते कसे? कालांक, दाब आणि मोजमापातील एक फसगत

रोधकातून धारित्र भारित होण्याची क्रिया विद्युत्‌शास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळते. तिचे सूत्र विद्यार्थी सहज पाठ करतात. परंतु त्याच सूत्राच्या आधारे प्रयोगशाळेत कालांक मोजण्याची वेळ आली की पुष्कळदा उत्तर चुकते, आणि तेही थोडेथोडके नव्हे, जवळजवळ दुपटीने चुकते. हे असे का व्हावे, हाच प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. त्यासाठी एकच विद्युत् मंडल घेऊन ते अखेरपर्यंत तपासणे सोयीचे होईल.

समजा, १० व्होल्ट दाबाची घटमाला, १०० किलोओहमचा रोधक आणि ४७० मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक जातीचे धारित्र, म्हणजे बाजारात ज्याला कपॅसिटर म्हणतात ते, अशी तिन्ही एका पाठोपाठ एक जोडली आहेत. धारित्र आरंभी पूर्णपणे रिकामे आहे. कळ दाबताक्षणी त्याच्या दोन टोकांमधील दाब शून्य असल्याने घटमालेचा सर्व दाब रोधकावर पडतो आणि १०० मायक्रोअँपिअर प्रवाह वाहू लागतो. हा प्रवाह धारित्रात विद्युत् भार साठवीत जातो. भार वाढला की धारित्राचा दाब वाढतो. दाब वाढला की रोधकाच्या वाट्याला कमी दाब उरतो. आणि त्यामुळे प्रवाहही मंदावतो. दोन हौद तळाशी एका अत्यंत बारीक नळीने जोडले, त्यांपैकी एक सदैव काठोकाठ भरलेला ठेवला आणि दुसरा रिकामा असला, तर दुसऱ्या हौदातील पाणी प्रथम झपाट्याने चढते व पातळी जवळ येऊ लागली की रेंगाळते. येथेही तसेच घडते.

या क्रियेत लक्ष ठेवावयाचे ते धारित्राच्या दाबावर नव्हे, तर घटमालेचा दाब आणि धारित्राचा दाब यांतील अंतरावर. या अंतराला तूट म्हणता येईल. प्रवाह तुटीच्या प्रमाणात असतो आणि तूट भरून निघण्याचा वेग प्रवाहाच्या प्रमाणात असतो. म्हणजे तूट जितकी मोठी, तितक्या वेगाने ती घटते. आरंभी १०० मायक्रोअँपिअर प्रवाह ४७० मायक्रोफॅरडच्या धारित्राचा दाब सेकंदाला सुमारे ०.२१३ व्होल्टने वाढवितो. दहा व्होल्टच्या तुटीचा हा बरोबर सत्तेचाळिसावा भाग होय. पुढे तूट पाच व्होल्टवर आली की वेगही निम्मा होतो; पण तो त्या वेळच्या तुटीचा सत्तेचाळिसावा भागच असतो. हा ४७ आकडा रोध आणि धारकता यांच्या गुणाकारातून येतो: १,००,००० ओहम गुणिले ०.०००४७ फॅरड म्हणजे ४७ सेकंद. ओहम म्हणजे दर अँपिअरला व्होल्ट आणि फॅरड म्हणजे दर व्होल्टला कुलंब. दोहोंच्या गुणाकारात व्होल्ट नाहीसे होऊन दर अँपिअरला कुलंब, अर्थात सेकंद, उरतो. यालाच मंडलाचा कालांक म्हणतात.

आरंभीचा वेग कायम राहिला असता तर धारित्र ४७ सेकंदांत पूर्ण भरले असते. तो कायम राहत नाही, म्हणून ४७ सेकंदांनंतर काही तूट शिल्लक उरते. किती? दर सेकंदाला तुटीचा सत्तेचाळिसावा भाग एकदम वजा केला, तर ४७ वजाबाक्यांनंतर दहांपैकी ३.६४ व्होल्ट उरतात. अर्ध्या सेकंदाच्या पावलांनी हाच हिशेब केला तर ३.६६ येतात. पावले जसजशी लहान करावी तसतसा हा आकडा ३.६८ कडे सरकतो आणि तेथेच स्थिरावतो. स्वाभाविक लॉगरिदमाचा पाया e म्हणजे २.७१८, त्याने एकाला भागले की ०.३६८ मिळतात. घातांकी सूत्रातील e कोठून आला, याचे उत्तर या लहान होत जाणाऱ्या पावलांत आहे. कोणत्याही क्षणीचा दाब म्हणून असा लिहिता येतो:

V = E (1 − e^(−t/RC))

येथे E हा घटमालेचा दाब, t हा लोटलेला काळ आणि RC हा कालांक. एका कालांकानंतर आपल्या मंडलातील धारित्राचा दाब ६.३२ व्होल्ट, दोन कालांकांनंतर ८.६५, तीन कालांकांनंतर ९.५० आणि पाच कालांकांनंतर, म्हणजे सुमारे चार मिनिटांनी, ९.९३ व्होल्ट असतो. मधल्या एखाद्या क्षणीचा दाब हवा असल्यास, उदाहरणार्थ ३० सेकंदांचा, ३० ला ४७ ने भागून ०.६३८ मिळतात, e चा उणे ०.६३८ वा घात ०.५२८, म्हणजे तूट ५.२८ व्होल्ट आणि दाब ४.७२ व्होल्ट. उलट, ठरावीक दाब केव्हा येईल हे विचारल्यास तेच सूत्र फिरवून घ्यावे:

t = RC ln(E / (E − V))

पाच व्होल्ट येण्यास ४७ गुणिले ०.६९३, म्हणजे ३२.६ सेकंद लागतात.

येथवरचे सारे निर्विवाद आहे. आता एक विद्यार्थी हा कालांक प्रत्यक्ष मोजावयास बसतो. त्याच्याजवळ फिरत्या काट्याचा मल्टिमीटर आहे आणि त्याच्या तबकडीवर ‘दर व्होल्टला २०,००० ओहम’ असे लिहिले आहे. तो मीटर १० व्होल्टच्या पट्टीवर लावून धारित्राच्या दोन टोकांना जोडतो, कळ दाबतो, आणि काटा ६.३२ व्होल्टवर येईपर्यंत सेकंद मोजतो. सूत्राप्रमाणे ४७ सेकंद लागावयास हवेत. प्रत्यक्षात ९३ सेकंद लागतात. विद्यार्थी हिशेब करतो आणि निष्कर्ष काढतो की धारित्र ४७० चे नसून ९३० मायक्रोफॅरडचे आहे.

त्याला असे वाटण्यास थोडा आधारही आहे. या जातीच्या धारित्रांवर छापलेली धारकता पुष्कळदा वीस टक्के इकडे किंवा तिकडे असू शकते. परंतु वीस टक्क्यांची मुभा धरली तरी कालांक सुमारे ३८ ते ५६ सेकंदांच्या आत यावयास हवा. ९३ हा आकडा त्या मर्यादेबाहेर फार दूर आहे. तेव्हा दोष अन्यत्र शोधणे भाग आहे.

तो दोष मीटरमध्ये आहे. मीटर बिघडलेला आहे म्हणून नव्हे, तर मीटर हाही एक रोधक आहे म्हणून. दर व्होल्टला २०,००० ओहम या हिशेबाने १० व्होल्टच्या पट्टीवर त्याचा रोध २०० किलोओहम होतो, आणि तो धारित्राला समांतर जोडला गेला आहे. धारित्रात शिरणाऱ्या प्रवाहाचा काही भाग आता मीटरमधून निघून जातो. हौदाच्या दृष्टांतात सांगावयाचे तर भरणाऱ्या हौदाच्या तळाला एक भोक पडले आहे. याचे दोन परिणाम होतात. एक, अंतिम दाब १० व्होल्ट राहत नाही. १०० आणि २०० किलोओहम यांत दाबाची विभागणी होऊन धारित्र ६.६७ व्होल्टवरच थांबते. दोन, कालांकात आता दोन्ही रोधांचा समांतर रोध, म्हणजे ६६.७ किलोओहम, धरावा लागतो आणि कालांक ३१.३ सेकंद होतो. म्हणजे मंडल प्रत्यक्षात अधिक लवकर स्थिरावत आहे; तरीही विद्यार्थ्याला ते संथ वाटले, कारण त्याने ज्या ६.३२ व्होल्टची वाट पाहिली तो दाब या नव्या मंडलात अंतिम दाबाला जवळजवळ भिडलेला आहे आणि शेवटचा टप्पा नेहमीच सर्वांत रेंगाळणारा असतो.

ही चूक लवकर ध्यानात येत नाही याचेही कारण आहे. आरंभीचा वेग दोन्ही मंडलांत सारखाच असतो: १० भागिले ४७ आणि ६.६७ भागिले ३१.३ या दोहोंचे उत्तर ०.२१३ च येते. धारित्र रिकामे असताना मीटरवर दाब नसतो, म्हणून तो प्रवाहही ओढीत नाही. दहा सेकंदांनी अपेक्षित दाब १.९२ आणि मीटर दाखवितो तो १.८२ व्होल्ट, हा फरक काटा वाचण्यातील चूक म्हणून सहज खपून जातो. ३० सेकंदांनी ४.७२ च्या जागी ४.११ आणि ६० सेकंदांनी ७.२१ च्या जागी ५.६८ व्होल्ट दिसतात. दोष आहे की नाही हे ठरविण्याची खरी कसोटी म्हणून एकच: काटा पूर्ण स्थिर होईपर्यंत थांबावे आणि अंतिम दाब घटमालेच्या दाबाइतका आहे का ते पाहावे. नसेल, तर धारित्राला समांतर असा एखादा रोध कोठेतरी दडलेला आहे.

तो रोध ठाऊक असल्यास केलेले मोजमाप टाकून देण्याचे कारण नाही. घटमालेच्या दाबाऐवजी खऱ्या अंतिम दाबाचे ६३.२ टक्के, म्हणजे ४.२१ व्होल्ट, धरावेत. तेथे काटा ३१.३ सेकंदांनी पोहोचतो. या काळाला ६६.७ किलोओहमने भागले की ४७० मायक्रोफॅरड हेच उत्तर मिळते. आकडे दाखविणाऱ्या मीटरचा रोध बहुधा १ कोटी ओहम असतो. त्याने अंतिम दाब ९.९० व्होल्ट आणि कालांक ४६.५ सेकंद येतो, आणि एवढा फरक या प्रयोगात उपेक्षणीय आहे. मात्र रोधक १०० किलोओहमऐवजी ५० लक्ष ओहमचा घेतला, तर तोच मीटर पुन्हा पहिल्याच फसगतीत टाकील. मीटर चांगला की वाईट हे त्याच्या एकट्याच्या रोधावर नव्हे, तर मंडलातील रोधाशी असलेल्या प्रमाणावर ठरते.

काट्याचेच साधन वापरावयाचे असल्यास अधिक चांगला मार्ग आहे. दाब मोजण्याऐवजी १०० मायक्रोअँपिअरचा प्रवाहमापक रोधकाच्या पाठोपाठ जोडावा. आरंभी काटा पट्टीच्या टोकाला जातो आणि हळूहळू उतरू लागतो, तो ३६.८ वर आला की एक कालांक लोटला. प्रवाहमापकाचा रोध समजा २ किलोओहम असेल, तर तो १०० किलोओहममध्ये मिळविला जातो एवढेच, आणि कालांक ४७ ऐवजी ४७.९ सेकंद येतो. धारित्राला भोक पडत नाही.

या पद्धतीचा आणखी एक लाभ असा की धारित्राचा स्वतःचा दोषही तीत उघड होतो. इलेक्ट्रोलिटिक धारित्रातील अपारक थर ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा असतो, आणि धारित्र दीर्घकाळ पडून राहिले की तो काहीसा क्षीण होतो. अशा धारित्रातून प्रवाह झिरपतो. पाच कालांक उलटून गेल्यावरही काटा शून्यावर न येता समजा १५ मायक्रोअँपिअरवर थबकला, तर रोधकावर दीड व्होल्ट अडकले आहेत आणि धारित्र ८.५ व्होल्टच्या वर गेलेले नाही, असे समजावे. ते दाबाखाली काही काळ ठेवले असता ऑक्साइडचा थर पुन्हा सावरतो आणि काटा सावकाश आणखी खाली येतो. तसा न आल्यास धारित्र बदलणे इष्ट. ते उलट्या ध्रुवांनी जोडल्यास हा थरच नष्ट होतो, म्हणून जोडण्यापूर्वी त्याच्या अंगावरील ऋण टोकाची खूण पाहून घ्यावी.

प्रयोग पुन्हा करताना धारित्र एका क्षणापुरते जोडून रिकामे केले तर काही वेळाने त्याच्या टोकांवर थोडा दाब आपोआप पुन्हा दिसू लागतो. अपारकात मुरलेला भार सावकाश बाहेर येत असतो. म्हणून शंभर ओहमच्या रोधकातून ते मिनिटभर तरी रिकामे होऊ द्यावे. वरील सूत्र रिकाम्या धारित्रासाठी आहे, आणि आरंभी दाब शून्य नसेल तर आरंभीची तूट दहा व्होल्ट राहत नाही. अशा वेळी प्रत्यक्ष असलेली तूट घेऊन हिशेब करावा. ती तूटही दर ४७ सेकंदांनी आपल्या ३६.८ टक्क्यांवर येते.