दामदुप्पट, चक्रवाढ आणि e



निपाणी, चिकोडी, बेळगाव या भागातल्या जुन्या माणसांना दामदुप्पट हा शब्द सांगावा लागत नाही. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, हा हिंदू कायद्यातला जुना नियम. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, आणि मुंबई इलाख्यातली न्यायालये हा नियम मानत. सावकाराने शंभर दिले असतील तर व्याजापोटी एका वेळी शंभरच्या वर मागायचे नाही. ही मर्यादा माणसाने घातलेली. चक्रवाढ व्याजाला गणिताचीही स्वतःची एक मर्यादा आहे, आणि आज मी तिच्याविषयी बोलणार आहे.

समजा, कुणी शंभर रुपये वर्षाला शेकडा शंभर दराने दिले. हिशेब वर्षअखेर एकदाच केला तर दोनशे रुपये होतात. आता सावकार म्हणाला, सहा महिन्यांनी पन्नास टक्के लावतो, ते मुद्दलात मिळवतो आणि पुढच्या सहा महिन्यांना त्या दीडशेवर पन्नास टक्के लावतो. मग २२५ होतात. दर तिमाहीला हिशेब केला तर २४४ रुपये १४ पैसे, दरमहा केला तर २६१ रुपये ३० पैसे. दररोज केला तर २७१ रुपये ४६ पैसे आणि दर तासाला वही उघडली तर २७१ रुपये ८१ पैसे. महिन्यावरून दिवसावर आलो तेव्हा दहा रुपये वाढले, पण दिवसावरून तासावर आलो तेव्हा फक्त पस्तीस पैसे. सावकाराने क्षणाक्षणाला व्याज मुद्दलात घातले तरी २७१ रुपये ८३ पैशांच्या पुढे तो जात नाही.

असे का होते, हे पाहण्यासाठी त्या रकमेचे थर वेगळे करू. पहिला थर मुद्दलाचा, १०० रुपये. दुसरा मुद्दलावरच्या व्याजाचा, तोही १००. तिसरा थर व्याजावरच्या व्याजाचा. वर्षाचे दोनच भाग केले तर तो २५ रुपये असतो, आणि भाग वाढवत नेले तर ५० च्या जवळ जवळ जातो, पण ५० कधीच होत नाही. कारण वर्षाच्या सुरुवातीला जमलेल्या व्याजाला पुढे व्याज मिळवायला भरपूर वेळ असतो, शेवटी जमलेल्याला जवळजवळ काहीच नसतो. सरासरी निम्मा वेळ मिळतो, म्हणून ५०. त्याच्यावरच्या व्याजाचा थर या ५० च्या एक तृतीयांश, म्हणजे १६ रुपये ६७ पैसे. पुढचा त्याच्या एक चतुर्थांश, ४ रुपये १७ पैसे. मग ८३ पैसे, १४ पैसे, २ पैसे. बेरीज करा, २७१ रुपये ८३ पैसे. तिसऱ्यापासून पुढचा प्रत्येक थर आधीच्याच्या निम्मा किंवा त्याहून लहान आहे, म्हणून हे थर कितीही रचले तरी तीनशेच्या आतच राहतात.

एका रुपयाला हीच रक्कम २.७१८२८… अशी येते. तिचे दशांश कधी संपत नाहीत आणि त्यांना आवर्तनही नाही. याकोब बर्नुली याने १६८३ साली चक्रवाढ व्याजाचाच प्रश्न घेऊन ही संख्या दोन आणि तीन यांच्या मध्ये येते असे दाखवले. तिला e हे अक्षर पुढे ऑयलरने दिले. दोघेही बाझल गावचे. गणिताच्या भाषेत सांगायचे तर n हा वर्षाच्या भागांचा आकडा कितीही वाढवत नेला असता

(1 + 1/n)^n

ही राशी ज्या संख्येच्या हव्या तितक्या जवळ जाते, ती संख्या e. ती या राशीच्या किमतींच्या यादीत कुठेही प्रत्यक्ष येत नाही. यालाच सीमा म्हणतात.

कॅल्क्युलेटरवर हे करून पाहणाऱ्यांना एक सूचना. n हजार घेतला तर २.७१६९२ येते, म्हणजे e पेक्षा सुमारे ०.००१३६ ने कमी. n दहापट केला की ही तूट एक दशांश होते. पण n फारच मोठा घेतला, तर यंत्राच्या मोजक्या आकड्यांत एकात मिळवलेला तो सूक्ष्म अपूर्णांक मावतच नाही, आणि उत्तर चक्क १ येते. तूट दहापटीने कमी होणे थांबले, की तिथून पुढे यंत्राचे उत्तर धरू नका.

आता दामदुप्पटीकडे वळू. महिन्याला शेकडा तीन, दरमहा चक्रवाढ. शंभराचे दोनशे कधी होतील? तेवीस महिन्यांनी १९७ रुपये ३६ पैसे, चोविसाव्या महिन्याअखेर २०३ रुपये २८ पैसे. म्हणजे चोविसाव्या महिन्यात. सरळ व्याजाने याला चौतीस महिने लागले असते. हे उत्तर काढायला प्रत्येक महिन्याचा गुणाकार करायची गरज नाही. २ चा लॉगॅरिदम १.०३ च्या लॉगॅरिदमने भागला की झाले. दहा पायाचे लॉग घेतले तर ०.३०१० भागिले ०.०१२८४. उत्तर साडेतेवीसच्या किंचित अलीकडे, अगदी बरोबर. पण त्या ०.०१२८४ कडे पाहून तीन टक्के ओळखू येतात का? e पायाचा लॉग घ्या. १.०३ चा लॉग येतो ०.०२९५६, जवळजवळ ०.०३ च. व्याजाचा दर स्वतःच दिसतो. दर जितका लहान, तितके साम्य जास्त. १.००१ चा लॉग ०.०००९९९५ येतो. पाया दुसरा कोणताही घेतला तर प्रत्येक वेळी एका परक्या गुणकाने गुणावे लागते. e हा एकच पाया असा आहे की तो गुणक १ होतो. या लॉगला नैसर्गिक म्हणतात ते याच कारणाने, आणि मला ते नाव योग्य वाटते. निकोलस मर्केटरच्या १६६८ च्या ग्रंथात ते सापडते, म्हणजे e हे अक्षर ठरायच्या बरेच आधी.

नैसर्गिक लॉगचा अर्थही सोपा आहे. शेकडा शंभर दराने क्षणाक्षणाला वाढणारी रक्कम इतकी पट व्हायला किती वर्षे लागतात, तेवढा तो लॉग. दुप्पट व्हायला ०.६९३ वर्ष, म्हणजे सव्वाआठ महिन्यांच्या थोडे पुढे. म्हणूनच ६९.३ ला महिन्याच्या टक्क्याने भागले की दुप्पट व्हायचे महिने ढोबळमानाने मिळतात. तीन टक्क्यांना २३.१. खरे उत्तर २३.४५ आहे, कारण आपला सावकार क्षणाला नव्हे, महिन्याला व्याज चढवतो. महिन्याला दहा टक्के असेल तर ही चूक वाढते. ढोबळ हिशेब ६.९३ देतो आणि खरे उत्तर ७.२७ आहे.

दहापट व्हायला लागतात २.३०३ वर्षे. हा आकडा निपाणीत पीयूसी करणाऱ्या आणि पलीकडे अर्जुननगरला बारावी करणाऱ्या, दोन्हीकडच्या मुलांच्या ओळखीचा आहे. रसायनशास्त्रात पहिल्या कोटीच्या अभिक्रियेचे सूत्र २.३०३ ने सुरू होते आणि मुले ते पाठ करतात. तो आकडा रसायनशास्त्राचा नव्हे. अभिक्रिया आपल्या दराने चालते आणि तिथे नैसर्गिक लॉगच येतो. परीक्षेत हाताशी असते ते दहा पायाचे लॉग टेबल, म्हणून त्यातला आकडा २.३०३ ने गुणून पुन्हा नैसर्गिक करून घ्यावा लागतो. शिक्षकांना माझी विनंती आहे की सूत्र फळ्यावर आधी नैसर्गिक लॉगने लिहावे, आणि लॉग टेबल उघडायची वेळ आली की मगच २.३०३ आणावा.