सप्टेंबरचा आकडा



मीडिया किट म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. दोन पानांची पीडीएफ: वर नाव, खाली फोन, मध्ये बढाई. (हशा) आज त्या बढाईतल्या एकाच आकड्याबद्दल बोलतो.

माझ्या ओळखीतल्या एक ताई पाककृतींचा ब्लॉग लिहितात. घाण्याचं तेल विकणाऱ्या एका कंपनीकडे जायचं म्हणून त्यांनी किट केलं आणि ठळक अक्षरांत छापलं, ‘महिन्याला 18,000 वाचक’. आकडा खरा होता, पण सप्टेंबरचा. गूगल ॲनालिटिक्समध्ये ‘लँडिंग पेज’चा अहवाल उघडला, तर त्यातले 11,000 एकट्या उकडीच्या मोदकांवर उतरलेले! गणपती गेले आणि ऑक्टोबरात एकूण वाचक राहिले साडेसहा हजार.

मी म्हटलं, ताई, उकड का फुटते हे बघायला आलेला माणूस तेल कशाला घेईल? तेल लागतं लोणच्याला. कैरी मुरायला ठेवली की वर बोटभर तेल हवंच, नाहीतर बुरशी धरते. आमच्या आईच्या बरणीत तर... (हशा) असो, लोणच्यात शिरलो तर रात्र होईल.

तर लोणच्याचे लेख चाळले. एप्रिल-मे मिळून 4,000 वाचक, त्यातले पुण्याचे 1,500. कंपनी माल पोचवते फक्त पुण्यात! मग किटवर पहिला आकडा कोणता हवा? 1,500. शेजारी बारा महिन्यांचा आलेख, म्हणजे मोदकांचा फुगवटाही उघड दिसेल. आणि पत्र मार्चमध्ये जायला हवं, कैऱ्या बाजारात यायच्या आत.

मागून कुणीतरी म्हणतंय, एवढासा आकडा बघून दारातूनच परत पाठवतील. पाठवू देत की! मोठ्या आकड्यावर घेतलेली जाहिरात चालली नाही, तर पुढच्या वर्षी तुमचा फोनही उचलणार नाहीत. अन् ‘एंगेजमेंट रेट’ मिरवू नका. ॲनालिटिक्समध्ये दहा सेकंदांहून जास्त टिकलेली भेटही गुंतलेली धरतात. दहा सेकंदांत फोडणीसुद्धा होत नाही. वाचक सरासरी किती वेळ थांबतो, ते लिहा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. दर राहिलेच!

एकच रक्कम लिहू नका. ताईंनी लेखाचे 8,000 धरले. कंपनीला तेच फोटो तीन महिने स्वतःच्या जाहिरातीत वापरायचे असतील तर 3,000 वेगळे. महिनाभर दुसऱ्या तेलाचं नाव घ्यायचं नसेल तर आणखी 2,000. दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच. नमुना म्हणून लोणच्याचाच लेख द्या. पैसे घेतलेल्या लेखावर ‘जाहिरात’ असं ठळक लिहिणार आणि दुव्याला `rel="sponsored"` लावणार, हेही किटमध्येच सांगून टाका. नंतर त्यावरूनच वाद होतात.

तेलाचे डबे मानधन म्हणून चालतील का, असं पहिल्या रांगेतून विचारलंय. घरात लोणचं घालायचं असेल तर घ्या, पण बिलात त्यांची किंमत लावा. अध्यक्ष उभे राहिलेत, थांबतो.