श्रेढींची प्रश्नपेढी आणि तिच्या पायऱ्या

श्रोतेहो, आज एका उसनवारीच्या हिशोबाने सुरुवात करतो. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या. नसली तरी अडणार नाही.

एका शेतकऱ्याला पेरणीसाठी दहा हजार रुपये हवे आहेत. दोघे जण ते द्यायला तयार आहेत. पहिला म्हणतो, "महिन्याला शेकडा साडेतीन घेईन, पण ते मुद्दलावरच. व्याजावर व्याज नाही." दुसरा म्हणतो, "मी शेकडा तीनच घेईन, पण दर महिन्याचे व्याज मुद्दलात मिळवीत जाईन." मधे काही भरायचे नाही, सारी रक्कम शेवटी एकदम फेडायची. आता सांगा, पैसे कोणाकडून घ्यावेत?

हा प्रश्न मी एकदा वर्गात घातला. मुले हुशार होती. अंकगणिती श्रेढीची आणि गुणोत्तर श्रेढीची, म्हणजे काही पुस्तके जिला भूमिती श्रेढी म्हणतात तिची, सारी सूत्रे त्यांना तोंडपाठ होती. तरी प्रश्न ऐकल्यावर पहिला आवाज आला तो असा : "सर, यात कोणते सूत्र लावायचे?" सूत्र येत होते, पण ते कोठे लागते हे कळत नव्हते. दोष मुलांचा नव्हता. आम्ही त्यांना आजवर जे प्रश्न विचारले, त्यांत सूत्र कोणते हे प्रश्नातच सांगून टाकलेले असे. त्या दिवसापासून मी या प्रकरणाची प्रश्नपेढी नव्याने करावयास घेतली. ती कशी केली आणि कोठे फसली, तेच आज सांगावयाचे आहे.

आधी दोन शब्द, ज्यांची शाळा सुटून बरीच वर्षे झाली त्यांच्यासाठी. दर पावली तेवढीच संख्या मिळवीत गेले की होते ती अंकगणिती श्रेढी. ५, ८, ११, १४ अशी. दर पावली तेवढ्याच पटीने गुणीत गेले की होते ती गुणोत्तर श्रेढी. ५, १०, २०, ४० अशी. पहिलीत साधारण फरक असतो, दुसरीत साधारण गुणोत्तर. सरळव्याजाने वाढणारी रक्कम पहिल्या वाटेने जाते, चक्रवाढीची दुसऱ्या वाटेने.

रामदासपेठेतल्या माझ्या घरी एका रविवारी मी जुन्या प्रश्नपत्रिका, गृहपाठाच्या वह्या आणि माझी टिपणे काढून बसलो. एका पत्त्यावर एकच प्रश्न, या बेताने सारे प्रश्न पोस्टकार्डाएवढ्या पत्त्यांवर उतरवले. मग टेबलावर संविधान तक्ता आखला. उभ्या रकान्यांना पायऱ्यांची नावे दिली आणि आडव्या ओळींना उपघटकांची : श्रेढी ओळखणे, कितवे पद, पदांची बेरीज, आणि दोन्ही श्रेढींची तुलना.

या पायऱ्या माझ्या नव्हेत. अमेरिकेतील बेंजामिन ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांनी १९५६ साली बुद्धीच्या कामाची एक वर्गवारी प्रसिद्ध केली आणि २००१ साली तिची सुधारलेली मांडणी झाली. स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि निर्मिती, अशा या सहा पायऱ्या. बी. एड. झालेल्या शिक्षकांना त्या ठाऊक आहेतच.

पत्ते जागच्या जागी ठेवले आणि चित्र उघडे पडले. स्मरणाच्या आणि उपयोजनाच्या रकान्यांत पत्त्यांची उतरंड, आणि तुलनेच्या ओळीत जवळजवळ सारी घरे रिकामी. तक्त्याचा खरा उपयोग हा आहे. आपण काय विचारतो ते आपल्याला माहीतच असते. काय विचारत नाही, ते तक्ता दाखवतो.

रिकामी घरे भरण्यासाठी मी एक युक्ती केली. नवे नवे विषय शोधण्याऐवजी उसनवारीचा एकच प्रसंग घेतला आणि त्यालाच पायरीपायरीने वर चढवले. हिशोब सोपा राहावा म्हणून सुरुवातीला दोघांचाही दर शेकडा तीनच धरला.

पहिली पायरी स्मरणाची : अंकगणिती श्रेढीच्या कितव्याही पदाचे सूत्र सांगा. दुसरी आकलनाची : सरळव्याजाने रकमा १०,०००, १०,३००, १०,६०० अशा होतात, चक्रवाढीने १०,०००, १०,३००, १०,६०९ अशा होतात, यांतली कोणती श्रेढी कोणत्या जातीची, आणि का? येथे एक गंमत पाहा. दोन्हींची पहिली दोन पदे अगदी सारखी आहेत. पहिल्या महिन्याअखेर दोघेही तेवढेच मागतात. फरक दिसतो तो तिसऱ्या पदापासून, अवघ्या नऊ रुपयांचा. दोन पदांवरून श्रेढीची जात ठरवता येत नाही, हे मुलाला इथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

तिसरी पायरी उपयोजनाची : सरळव्याजाने बारा महिन्यांनी किती रुपये द्यावे लागतील? पुष्कळ मुले बारावे पद काढतात आणि १३,३०० लिहितात. उत्तर चुकते. पहिले पद म्हणजे पैसे घेतले तो दिवस, तेव्हा एकही महिना झालेला नसतो. म्हणून बारा महिन्यांनंतरची रक्कम हे तेरावे पद, १३,६००. कुंपणाचे खांब आणि त्यांमधले गाळे मोजताना होते तीच ही चूक.

ही चूक मी टाकून दिली नाही, तिचाच चौथ्या पायरीचा प्रश्न केला : "एका विद्यार्थ्याने उत्तर १३,३०० लिहिले. त्याने नेमके काय मोजले आणि काय मोजावयास हवे होते?" हे विश्लेषण. मुलांच्या उत्तरपत्रिकांतील खऱ्या चुका जपून ठेवा, अशी शिक्षकबंधुभगिनींना माझी विनंती आहे. विश्लेषणाचे प्रश्न त्यांतूनच निघतात.

पाचवी पायरी मूल्यमापनाची, आणि ती म्हणजे आपला सुरुवातीचा प्रश्न. सहावी निर्मितीची : पहिले आणि तिसरे पद समान असेल अशी एक अंकगणिती आणि एक गुणोत्तर श्रेढी तयार करा. कोणी ४, १०, १६ आणि ४, ८, १६ अशी जोडी करतो, कोणी दुसरी. उत्तरे अनेक असतात, म्हणून पत्त्याच्या मागे एक उत्तर लिहून भागत नाही. उत्तर बरोबर केव्हा म्हणावे, ही कसोटी लिहावी लागते.

आता फसलो कोठे ते सांगतो. पहिली चूक अशी, की अवघड प्रश्न म्हणजे वरच्या पायरीचा प्रश्न, असे मी धरून चाललो होतो. हा भ्रम उतरवला तो भास्कराचार्यांनी. त्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत श्रेढीव्यवहार नावाचे प्रकरण आहे. ज्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापला, तेच हे. त्या प्रकरणात एक राजा शत्रूचे हत्ती आणावयास निघतो. पहिल्या दिवशी दोन योजने चालतो, पुढे रोज सारखीच वाढ करीत सात दिवसांत ऐंशी योजने तोडतो. रोजची वाढ किती? उत्तर येते बावीस सप्तमांश योजने. अपूर्णांक आला की मुलांचा घाम निघतो. पण डोक्याचे काम पाहाल तर बेरजेच्या सूत्रात तीन संख्या घालून चौथी काढणे, एवढेच. अवघड खरा, पण पायरी उपयोजनाची.

याच्या उलट हा प्रश्न पाहा : ७, ७, ७, ७ ही कोणती श्रेढी? आकडेमोड काहीच नाही. पण उत्तर द्यावयाचे तर व्याख्येत शिरावे लागते. साधारण फरक शून्य, साधारण गुणोत्तर एक. म्हणून ती दोन्ही आहे. लगेच पुढे विचारा, की ०, ०, ०, ० चे काय? ती अंकगणिती आहे, पण गुणोत्तर श्रेढी नाही, कारण शून्याला शून्याने भागता येत नाही. म्हणून पत्त्यावर मी आता दोन खुणा वेगळ्या करतो. पायरी एका कोपऱ्यात, काठिण्य दुसऱ्या कोपऱ्यात. पायरी मी ठरवतो. काठिण्य मात्र मुलांनी सोडवून पाहिल्यावरच लिहितो.

दुसरी चूक अधिक फसवी होती. खुर्च्यांच्या रांगांचा एक प्रश्न मी विश्लेषणाच्या रकान्यात ठेवला होता. परीक्षेत बहुतेकांनी तो भराभर सोडवला आणि मी खूष झालो. मग एका मुलाला म्हटले, "बाळा, कसा विचार केलास ते मोठ्याने सांग." तो म्हणाला, "सर, गाईडात असाच आहे, फक्त आकडे बदललेत." विश्लेषण कसले, ते निव्वळ स्मरण होते! पायरी ही केवळ प्रश्नात नसते. प्रश्न आणि मूल यांच्यामध्ये ती असते. जे आधी सोडवून दाखवले, ते दुसऱ्या दिवशी पाठांतर होते.

यासाठी दोन गोष्टी करतो. पत्त्याच्या मागे तो प्रश्न वर्गात केव्हा घेतला ती तारीख टाकतो. तारीख पडली की त्या वर्गासाठी पत्ता खालच्या रकान्यात जातो. आणि नवा पत्ता दुसऱ्या एका शिक्षकाला माझी खूण न दाखवता देतो. त्याची खूण आणि माझी खूण जुळली नाही, तर वाद घालीत बसत नाही; दोन-तीन मुलांना तो प्रश्न मोठ्याने विचार करीत सोडवावयास सांगतो. निकाल तेच देतात.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. या पायऱ्या जिन्यासारख्या पक्क्या नाहीत. स्मरणाला हलके लेखू नये. सूत्रच आठवले नाही तर वरचे काम अडते. आणि कोणत्या पायरीचे किती प्रश्न घ्यावे, हे पेढी सांगत नाही. ते परीक्षेच्या हेतूवरून ठरते.

आता शेतकऱ्याला फार ताटकळत ठेवणे बरे नव्हे. पहिल्याची रक्कम दर महिन्याला ३५० रुपयांनी वाढते, दुसऱ्याची १.०३ पटीने. सहा महिन्यांनी पहिला मागतो १२,१००, दुसरा सुमारे ११,९४१. अकरा महिन्यांनी पहिला १३,८५०, दुसरा सुमारे १३,८४२. अजूनही दुसरा स्वस्त, पण आठच रुपयांनी. बाराव्या महिन्याला पारडे फिरते : पहिला १४,२००, दुसरा सुमारे १४,२५८. आणि त्यापुढे दुसऱ्याची रक्कम वाढतच जाते.

मी हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याच्या घरी कापसाची शेती. तो म्हणाला, "सर, जूनमध्ये घेतले अन् दिवाळीनंतर कापूस विकून फेडले तर दुसरा बरा. पण पीक बुडालं अन् कर्ज पुढच्या सालावर गेलं, तर पहिलाच बरा. पीक बुडणार की नाही, ते सूत्रात कुठं येतं?"

येत नाही. त्या मुलाचा प्रश्न मी त्याच दिवशी एका कोऱ्या पत्त्यावर लिहून घेतला, आणि मूल्यमापनाच्या रिकाम्या घरात ठेवला.