समोच्चरेषा आणि चढाची दिशा

निपाणीहून बेळगावकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत तवंदीचा घाट लागतो. घाटातील रस्ता डोंगरावर सरळ चढत नाही. तो तिरका जातो. वाट लांबते, पण चढ सौम्य होतो. या साध्या अनुभवातच गणितातील एका सिद्धान्ताचे मर्म आहे.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवर डोंगर समोच्चरेषांनी दाखविलेला असतो. एका रेषेवरील सर्व ठिकाणे समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असतात. त्या रेषेवरून कितीही चालले, तरी माणूस वर चढत नाही की खाली उतरत नाही. मग सर्वांत उभा चढ कोणत्या दिशेला? गणिती या दिशेला व तिच्या चढाच्या मापाला मिळून प्रवणता म्हणतात. आणि ती समोच्चरेषेला नेहमी काटकोनात असते.

असे का व्हावे? शेजारच्या दोन समोच्चरेषा घ्या. त्यांच्या उंचीत २० मीटरांचा फरक आहे असे समजू. डोंगराचा अगदी लहानसा तुकडा पाहिला, तर त्या जवळजवळ समांतर दिसतात. खालच्या रेषेवरून वरच्या रेषेवर कोणत्याही वाटेने गेले, तरी चढायचे २० मीटरच. तेव्हा जी वाट सर्वांत आखूड, तीच सर्वांत उभी. दोन समांतर रेषांमधील सर्वांत आखूड अंतर म्हणजे लंब, हे शाळेतील मुलालाही ठाऊक असते. म्हणून सर्वांत उभा चढ लंबाच्याच दिशेने असतो.

लंबावरील आडवे अंतर ४० मीटर असेल, तर चढ दोनास एक पडतो. लंबापासून ६० अंश कललेली वाट धरली, की अंतर ८० मीटर होते आणि चढ चारास एक, म्हणजे निम्मा. घाटातील रस्ता हीच युक्ती योजतो.

मात्र एका ठिकाणी काढलेला लंब पट्टीने थेट शिखरापर्यंत वाढविणे चुकीचे. समोच्चरेषा वळतात, म्हणून प्रत्येक रेषेपाशी दिशा नव्याने ठरवावी लागते; उभ्या चढाची वाट बहुधा वक्रच निघते. माथ्यावर आणि दोन शिखरांमधील खिंडीच्या मध्यावर प्रवणता शून्य असते. तेथे दिशेचा प्रश्नच उरत नाही.

पावसाचे पाणी उतारावर याच लंबाच्या उलट दिशेने वाहू लागते. म्हणून उताराच्या शेतातील बांध समोच्चरेषेवर घालतात. तो पाण्याला आडवा पडतो आणि पाणी त्याच्या सर्व लांबीवर सारखे अडते. बांध रेषेपासून ढळला, की त्याचे एक टोक खाली जाते, पाणी तिकडे धावते आणि नेमके तेथेच बांध फुटतो. फुटलेली जागा पाहून, रेषा कोठे चुकली हे शेतकऱ्याला ओळखता येते.