हॅवलॉक की नील? निवांत आठवड्यासाठी कोणतं बेट

आमच्या गटातल्या आठ जणींनी वेगळी भिशी लावून अंदमानच्या प्रवासाचे पैसे जमवले आहेत. पोर्ट ब्लेअरचं सेल्युलर जेल पाहायचं, त्यावर सगळ्यांचं एकमत. वाद आहे तो पुढच्या निवांत आठवड्याचा. तो हॅवलॉकला घालवायचा की नीलला? २०१८ साली या बेटांना स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी नावं दिली, पण बोलताना अजून जुनीच नावं चालतात. असा आठवडा घराबाहेर मिळणं आपल्यासारख्यांना रोजचं नाही, म्हणून नीट विचार करून ठरवू या.

आधी किनारा बघू. हॅवलॉकचा राधानगर किनारा म्हणजे लांबच लांब पांढरी, मऊ वाळू. २००४ साली ‘टाइम’ मासिकाने त्याला आशियातला उत्तम किनारा म्हटलं, तेव्हापासून गर्दी वाढली. तिथे पायाखाली खडक टोचत नाहीत, त्यामुळे पाण्यात उतरायला बरं. मात्र अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. जिथे पाटी लावली असेल तिथे आणि खाडीच्या तोंडाशी पाय घालायचा नाही, आणि जीवरक्षक उभा असेल तेवढ्याच भागात उतरायचं.

नीलचं गणित वेगळं. तिथे भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर असे किनारे आहेत, पण बऱ्याच ठिकाणी पाण्याखाली प्रवाळाचे खडक आहेत. ओहोटीला पाणी लांब मागे जातं, खडक उघडे पडतात आणि पोहणं बंद होतं. कोकणातल्या बायकांना हे सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, अष्टमीच्या आसपास भांगाला फरक कमी असतो. म्हणून पाण्यात बसायची हौस असेल तर नीलचे दिवस अष्टमीच्या जवळ धरा. तिथला दगडी नैसर्गिक पूल मात्र ओहोटीलाच जवळून बघता येतो, त्यासाठी उधाणाचे दिवस बरे. दोन्ही एकाच दिवशी साधत नाही. पायात रबरी तळव्याची चप्पल हवीच, आणि वाळलेलं प्रवाळ किंवा शिंपले पिशवीत घालून आणायचे नाहीत. त्यावर कायद्याने बंदी आहे, विमानतळावर पकडतात.

आता संध्याकाळ. ‘तिथे रात्री काय असतं?’ हा प्रश्न आमच्या तरुण मुलींनी विचारला. खरं सांगायचं तर फारसं काही नाही. बेटं पूर्वेला इतकी आत आहेत की आपल्याच घड्याळाप्रमाणे हिवाळ्यात पाच-साडेपाचला सूर्य मावळतो आणि पहाटे उजेडही लवकर होतो. हॅवलॉकला काही हॉटेलांत बार आणि गाणी असतात, बाजारात खाणावळींची थोडी वर्दळ असते. नीलला अंधार पडला की जवळजवळ सगळं सामसूम. ज्या मैत्रिणीला गोव्यासारखी रात्र हवी आहे, तिने अंदमानाचा हट्ट धरू नये. ज्या वहिनींना पहाटे पाचला उठून कुणाचा डबा न करता समुद्र बघत बसायचं आहे, त्यांना ही वेळ अगदी सोयीची.

करायला काय आहे, हा खरा कळीचा मुद्दा. हॅवलॉकला प्रशिक्षकाचा हात धरून समुद्राखाली उतरता येतं, पोहता आलं नाही तरी चालतं. एलिफंट बीचला बोटीने किंवा जंगलातून चालत जाता येतं. काला पत्थरचा सूर्योदय आहे. तीन-चार दिवस भरतात. नील एवढंसं बेट, सायकलवर फिरलं तरी दीड दिवसात सगळं बघून होतं. मग भाजीच्या बागा, नारळ, गावचा बाजार आणि किनाऱ्यावर बसणं. तिथली बरीच कुटुंबं पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची, भाजीपाला पिकवणारी. शेतीच्या गप्पा सहज जुळतात, हे मला सगळ्यात आवडण्यासारखं वाटतं.

अनेक सहली नीलला सकाळी नेऊन दुपारी परत आणतात. त्यामुळे मुक्काम करणाऱ्यांना दुपारनंतर तोच किनारा मोकळा मिळतो. म्हणून माझं मत असं, की आठ जणींनी आधी दोन रात्री हॅवलॉकला राहावं, मग चार रात्री नीलला. उलट केलं तर फिरण्याची गडबड शेवटी येते आणि थकून घरी पोचता. ज्यांचा जीव दुसऱ्याच दिवशी बसून कंटाळतो, त्यांनी हे आकडे उलटे करावेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दोन्ही बेटांवर बोटीनेच जायचं. सरकारी बोटीला पोर्ट ब्लेअरहून दोन-अडीच तास लागतात, हॅवलॉक ते नील साधारण तास. जानेवारी ते एप्रिल समुद्र शांत असतो. पावसाळ्यात वारा सुटला की बोटी रद्द होतात, आणि आपण बेटावर अडकून विमान चुकतं. तेव्हा शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा. उलटीची गोळी बोटीत बसण्याआधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही. आणि रोख पैसे सोबत असू द्या, नीलला फोनची रेंज येते-जाते.