आकडा हिशेबाने तपासा

हाताने लिहिलेल्या बिलाचा फोटो काढला, की संगणक त्यातले आकडे वाचतो. पण देवनागरी ४ त्याला इंग्रजी 8 वाटू शकतो. घाईत लिहिलेला १ तर ९ सारखा सहज दिसतो. शब्द चुकला, तर शेजारच्या शब्दांवरून कळतं. आकडा चुकला, तरी तो बरोबरच वाटतो. म्हणून आकडा नुसता पाहू नका, हिशेबाने तपासा.

समजा, बिलावर ४ वह्या आहेत. दर ५० रुपये, रक्कम २००. संगणकाने वह्या वाचल्या ८. आता आठ गुणिले पन्नास म्हणजे चारशे. रक्कम मात्र दोनशे. गणित जुळलं नाही, की तेवढीच ओळ मूळ कागदाशी ताडून पाहायची. कुणी म्हणेल, सरळ इंग्रजी आकडे लिहा. पण तिथेही एक आणि सात यांचा घोळ होतोच. एका बिलात एकच लिपी ठेवा आणि वाचणाऱ्या प्रणालीत तीच निवडा, हे जास्त उपयोगाचं. आणि दुकानदाराचाच गुणाकार चुकला असेल तर? तर कागद आणि संगणक जुळतील, पण हिशेब जुळणार नाही. अशा वेळी आकडा परस्पर बदलू नका. अक्षरी रक्कम पाहा आणि दुकानदाराला विचारा.