एकाच आवाजावर तीनदा प्रक्रिया



टेंभुर्णी, कुर्डुवाडी, मोहोळ, पंढरपूर अशा गावांतून संगणक जोडणारे आणि दुरुस्त करणारे आपण सगळे आज मोडनिंबला जमलो आहोत. अध्यक्ष म्हणून मिळालेला वेळ मी एकाच तक्रारीला देणार आहे. ‘गेम मध्येच अटकतो’ ही ती तक्रार. ती आली की आपण ग्राफिक्स कार्ड बघतो, रॅम बघतो, पंख्यातली धूळ झाडतो. ते करायलाच हवं. पण आवाजाच्या सेटिंगकडे शेवटपर्यंत कुणी वळत नाही, आणि जुन्या चार कोअरच्या प्रोसेसरवर दोष बऱ्याचदा तिथेच सापडतो.

माझ्याकडे आलेलं एक मशीन सांगतो. कॉलेजच्या मुलाचं होतं, व्हॅलोरंट खेळायचा. सरासरी फ्रेम चांगल्या होत्या, पण मित्रांचं बोलणं सुरू असताना चकमक झाली की चित्राला झटका बसायचा. त्याच्या हेडफोनच्या खोक्यावर ‘7.1’ लिहिलेलं होतं आणि सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये सराउंड चालू होतं. गेममध्ये `HRTF` चालू होतं. डिस्कॉर्डमध्ये गोंगाट काढणारी सोय चालू होती. आणि विंडोजमध्ये आवाजाचा दर सगळ्यांत वरचा, `24 bit, 192000 Hz (Studio Quality)` निवडलेला होता, कारण आकडा मोठा म्हणजे आवाज चांगला असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

या चारही गोष्टी एकमेकींचं ओझं कसं वाढवतात, ते बघू. हेडफोनमध्ये कानापाशी दोनच स्पीकर असतात. पाऊल मागून वाजल्याचा भास व्हावा म्हणून सॉफ्टवेअर सात कल्पित स्पीकर मांडतं आणि प्रत्येकाचा आवाज डाव्या आणि उजव्या कानाला कसा पोचेल, याचं गणित करतं. म्हणजे चौदा फिल्टर. एक फिल्टर 512 नमुन्यांचा धरला आणि दर सेकंदाला 48,000 नमुने असले, तर सरळ पद्धतीने सेकंदाला सुमारे 34 कोटी गुणाकार होतात. चांगली सॉफ्टवेअर हे काम तुकडे पाडून, फूरिये रूपांतराने बरंच स्वस्तात उरकतात. पण त्या पद्धतीत एक तुकडा भरेपर्यंत थांबावं लागतं. 512 नमुन्यांचा तुकडा 48,000च्या दराने भरायला 10.7 मिलिसेकंद लागतात. ओझं कमी झालं, त्याच्या बदल्यात विलंब आला.

आता दर 192,000 करा. नमुने चौपट झाले. शिवाय तेवढ्याच काळाचा प्रतिध्वनी पकडायचा तर फिल्टरही चौपट लांब लागतो. सरळ पद्धतीत ओझं चौपट होत नाही, सोळापट होतं: 34 कोटींचे साडेपाचशे कोटी. आणि मिळतं काय? माणसाचा कान 20,000 हर्ट्झच्या वर ऐकत नाही, तिथवर 48,000चा दर पुरतो. बहुतेक गेमचा आवाज मुळात 48,000नेच बाहेर पडतो. विंडोज त्याला ताणून 192,000वर नेतं, पण ताणल्याने नवीन काही ऐकू येत नाही. काही सॉफ्टवेअर एवढ्या दरावर सराउंड स्वतःच बंद करतात. जी करत नाहीत, त्यांचा भार प्रोसेसरवर पडतो.

मग आवाज न तुटता चित्र का अटकतं? हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. विंडोजची आवाजाची यंत्रणा साधारणपणे दर 10 मिलिसेकंदांनी पुढचा तुकडा मागते. तो वेळेत मिळाला नाही तर कानात तडतड ऐकू येते, म्हणून आवाजाच्या धाग्यांना प्रोसेसरवर वरचा क्रम दिलेला असतो. चार कोअर आधीच भरलेले असले की आवाज पुढे घुसतो आणि गेमचा मुख्य धागा मागे राहतो. सेकंदाला 60 फ्रेम हव्यात तर एका फ्रेमला 16.7 मिलिसेकंदच मिळतात. त्यातले तीन-चार गेले की ती फ्रेम चुकते. सरासरीत हे दिसत नाही. म्हणून ‘1% low’चा आकडा बघायची सवय लावून घ्या.

टास्क मॅनेजरमध्ये `audiodg.exe` शोधा. विंडोजच्या आवाजावरचे इफेक्ट त्यात चालतात. गेम सुरू असताना त्याचा आकडा चढलेला दिसला की धागा हाती लागला. काही कंपन्या आपलं गणित स्वतःच्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये करतात, म्हणून हेडफोनच्या सॉफ्टवेअरची ओळही तपासा. डिस्कॉर्डची गोंगाट काढण्याची सोय डिस्कॉर्डच्याच ओळींमध्ये दिसते.

त्या मशीनवर मी एकेक गोष्ट बदलत गेलो. सगळं एकदम बंद केलं की दोष कुठे होता ते कधीच कळत नाही. आधी दर `48000 Hz` केला. `audiodg.exe` लगेच खाली आलं. मग हेडफोनचं सराउंड बंद केलं, गेमचं `HRTF` ठेवलं. हे उलटं करू नये, कारण पाऊल नक्की कुठे वाजलं हे गेमला ठाऊक असतं; हेडफोनला फक्त तयार मिश्रण मिळतं. दोन्ही चालू असले की आवाज दोनदा गाळला जातो, पोकळ होतो आणि पुढचं-मागचं कळेनासं होतं. शेवटी गोंगाट काढणं बंद करून माइक तोंडाजवळ आणला. पंख्याचा आवाज थोडा येत राहिला, पण झटके गेले.

विलंब मोजायला महागडं काही लागत नाही. हेडफोनचा एक कप मोबाइलच्या माइकजवळ धरा, रेकॉर्डिंग लावा आणि गेममध्ये गोळी झाडा. माउसची टिकटिक आणि गोळीचा आवाज एकाच रेकॉर्डिंगमध्ये येतात. ते ऑडॅसिटीत उघडून दोन टोकांमधलं अंतर मोजा. दहा वेळा करा, कारण प्रत्येक वेळी थोडा फरक पडतो. मग सराउंड बंद करून पुन्हा तेच करा. दोन सरासरींमधला फरक म्हणजे सराउंडचा विलंब. ज्या हेडफोनचं गणित त्याच्या स्वतःच्या चिपवर होतं, तिथे प्रोसेसरवर भार दिसणार नाही, विलंब मात्र या चाचणीत पकडला जाईल.

मित्राच्या बोलण्याचा विलंब वेगळा आहे, तो यात मिसळू नका. डिस्कॉर्ड ज्या ओपस पद्धतीने आवाज पाठवतं, ती नेहमीच्या मांडणीत 20 मिलिसेकंदांचे तुकडे करते आणि 6.5 मिलिसेकंद पुढचं बघते. म्हणजे 26.5 मिलिसेकंद तर नेटवर जाण्याआधीच गेले. त्यापुढचा उशीर नेटचा आणि पलीकडच्या साठवणीचा. तो प्रोसेसर बदलून जात नाही, हे गिऱ्हाइकाला पैसे घेण्याआधी सांगा. ब्लूटूथवाल्याला आणखी एक सांगा: साध्या ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की तो संभाषणाच्या मोडमध्ये जातो, आवाज एकाच वाहिनीचा आणि फोनसारखा होतो. तिथे कुठलंच सराउंड उरत नाही. दहाएक मीटर लांबून गाणी ऐकायला तो छान आहे, खेळताना बोलायचं असेल तर तार लावा.

नवीन आठ-दहा कोअरच्या प्रोसेसरवर हे सगळं ओझं नगण्य असतं. तिथे सराउंड बंद करून फ्रेम वाढतील असं कुणाला आश्वासन देऊ नका. आपल्या दुकानांत येणारी मशीन मात्र बरीचशी जुनी आहेत, हप्त्यावर किंवा दुसऱ्या हाताने घेतलेली. म्हणून माझी सूचना आहे की ‘गेम अटकतो’ या तक्रारीच्या जॉब कार्डावर आपण चार रकाने वाढवावेत: आवाजाचा दर, सराउंड किती ठिकाणी चालू आहे, `audiodg.exe`चा आकडा आणि बदलाआधीचा व नंतरचा ‘1% low’. ग्राफिक्स कार्ड बदलण्याची गोष्ट हे रकाने भरल्यावरच काढावी. दुपारच्या सत्रात यावर चर्चा व्हावी आणि कार्डाचा नमुना आजच ठरावा, ही विनंती.